दोन अंदाज-पद्धतींपैकी चांगली कोणती? मेप आणि इतर मापांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागणीचा अंदाज काढणाऱ्या दोन पद्धती समोर असल्या की बहुतेक जण दोघींचा मेप, म्हणजे सरासरी टक्केवारी चूक, काढतात आणि ज्याचा आकडा लहान ती पद्धत निवडतात. काही वर्षं मीही हेच करत होतो. तेवढ्याने का भागत नाही हे समजावं म्हणून खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. म्हणून पहिला प्रश्न वगळू नका.

उदाहरण कोणतं आहे?

कारखान्यांना लागणारा एक फिल्टर आहे. त्याची आठवड्याची मागणी साधारण २०० नगांच्या आसपास असते. पाचव्या आठवड्यात मात्र गिऱ्हाईक कारखाने वार्षिक देखभालीसाठी बंद असतात, त्यामुळे मागणी एकदम कोसळते. गेल्या वर्षीही याच आठवड्यात असं झालं होतं. आकडे मी मुद्दाम सोपे घेतले आहेत.

पद्धत 'अ' म्हणजे चार आठवड्यांची चल सरासरी, म्हणजे मागच्या चार आठवड्यांच्या मागणीची सरासरी हाच पुढच्या आठवड्याचा अंदाज. चाचणी सुरू होण्याआधीच्या चार आठवड्यांची मागणी २००, १८०, २२० आणि २०० होती. पद्धत 'ब' त्याहून सोपी आहे. गेल्या वर्षी याच आठवड्यात जी मागणी होती, तोच आकडा उचलायचा.

| आठवडा | प्रत्यक्ष मागणी | 'अ'चा अंदाज | 'अ'ची चूक | 'ब'चा अंदाज | 'ब'ची चूक |
|---|---|---|---|---|---|
| १ | २२० | २०० | +२० | १५० | +७० |
| २ | १८० | २०५ | −२५ | १३० | +५० |
| ३ | २४० | २०५ | +३५ | १६० | +८० |
| ४ | २०० | २१० | −१० | १४० | +६० |
| ५ | ४० | २१० | −१७० | ३० | +१० |
| ६ | २०० | १६५ | +३५ | १४० | +६० |

चूक म्हणजे प्रत्यक्ष मागणीतून अंदाज वजा करून उरलेला आकडा. अधिक चिन्ह असेल तर अंदाज कमी पडला, वजा असेल तर जास्त झाला. काही ठिकाणी हे चिन्ह उलटं धरतात. दोन विभागांचे अहवाल शेजारी ठेवण्याआधी ते तपासून घ्या, नाहीतर माल तुटला की साचला यावरच वाद सुरू होतो.

मेप काढायचा कसा?

मेप म्हणजे सरासरी निरपेक्ष टक्केवारी त्रुटी. प्रत्येक आठवड्याची चूक चिन्ह काढून घ्यायची, तिला त्याच आठवड्याच्या प्रत्यक्ष मागणीने भागायचं, टक्केवारी करायची आणि शेवटी सगळ्या टक्केवारींची सरासरी काढायची. भागाकार प्रत्यक्ष मागणीनेच करायचा असतो. अंदाजाने भागलेला आकडाही 'मेप' म्हणून फिरताना मी पाहिला आहे, पण ते वेगळंच माप झालं आणि त्याचे दोषही उलट्या दिशेचे असतात.

'अ'च्या टक्केवारी अशा येतात: ९.१, १३.९, १४.६, ५, ४२५ आणि १७.५. त्यांची सरासरी ८०.८ टक्के. 'ब'च्या टक्केवारी ३१.८, २७.८, ३३.३, ३०, २५ आणि ३०, सरासरी २९.७ टक्के.

म्हणजे 'ब' सरळसरळ जिंकली ना?

फक्त मेप बघितला तर हो, आणि तीही दणक्यात. पण तक्ता पुन्हा एकदा आडवा वाचा. सहापैकी पाच आठवड्यांत 'अ'ची चूक 'ब'पेक्षा लहान आहे. पहिल्या आठवड्यात २० विरुद्ध ७०, चौथ्यात १० विरुद्ध ६०. पाच वेळा जिंकलेली पद्धत सरासरीत हरली ती एकाच आठवड्यामुळे.

त्या पाचव्या आठवड्यात 'अ'ची टक्केवारी ४२५ आहे. सहाने भागली तरी ती एकटी मेपमध्ये ७०.८ अंकांची भर घालते. म्हणजे ८०.८ मधले फक्त १० अंक उरलेल्या पाच आठवड्यांचे आहेत. तो आठवडा काढून टाकला तर 'अ'चा मेप १२ टक्के होतो आणि 'ब'चा ३०.६. निकाल पार उलटा.

टक्केवारी एवढी का फुगली? चूक १७० नगांची होती हे खरं, पण भागाकार ४० ने झाला. हीच १७० नगांची चूक २४० मागणीच्या आठवड्यात झाली असती तर ती ७१ टक्के दिसली असती. आता समजा पाचव्या आठवड्यात मागणी ४० ऐवजी २० आली. 'अ'ची चूक १७० वरून १९० होते, फक्त २० नगांनी वाढते. सहाव्या आठवड्याचा अंदाजही त्यामुळे १६५ वरून १६० होतो. मेप मात्र ८०.८ वरून थेट १६९ टक्क्यांवर जातो. गोदामात वीस नग जास्त पडून राहिले एवढंच घडलं, आणि अहवालात पद्धत दुपटीने वाईट ठरली.

म्हणून माझा नेम असा आहे की मेपची सरासरी वाचण्याआधी ती ज्या टक्केवारींपासून बनली आहे त्या एका ओळीत मांडायच्या. एखादा आकडा बाकीच्यांच्या दहापट असेल, तर ती सरासरी पद्धतीबद्दल कमी आणि त्या एका आठवड्याबद्दल जास्त बोलते.

मग टक्केवारी सोडून नुसते नग मोजले तर?

ते माप म्हणजे सरासरी निरपेक्ष विचलन, बोलीत मॅड. चिन्ह काढून चुकांची बेरीज करायची आणि आठवड्यांच्या संख्येने भागायची. 'अ'ची बेरीज २९५, म्हणून मॅड ४९.२ नग. 'ब'ची बेरीज ३३०, मॅड ५५ नग. इथे 'अ' पुढे आहे, थोडीशीच.

पण 'सरासरी ४९ नग चुकलो' हे वरिष्ठांना सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे जास्त की कमी? त्यासाठी चुकांच्या बेरजेला एकूण मागणीने भागा. सहा आठवड्यांची मागणी १०८०. 'अ'साठी २९५ भागिले १०८० म्हणजे २७.३ टक्के, 'ब'साठी ३०.६ टक्के. या मापाला डब्ल्यूएपीई किंवा भारित मेप म्हणतात. भागाकार एकदाच, तोही मोठ्या बेरजेने होतो, त्यामुळे ४० नगांचा एक आठवडा सगळं गणित ओढून नेत नाही. टक्केवारीत बोलायचंच असेल तर एका वस्तूसाठी मी हा आकडा आधी सांगतो आणि मेप नंतर.

अनेक वस्तूंची एकत्र तुलना करताना मात्र सावध राहा. नगांची बेरीज केली तर जास्त खपणारी स्वस्त वस्तू सगळा निकाल ठरवते. तिथे नगांऐवजी किमतीत मोजावं.

आरएमएसई 'ब'ला चांगलं म्हणतो. हे कसं?

आरएमएसईमध्ये चुकांचे वर्ग करतात, त्यांची सरासरी घेतात आणि वर्गमूळ काढतात. 'अ'चा येतो ७३.६ नग, 'ब'चा ५९.३. कारण पुन्हा तोच आठवडा. १७० चा वर्ग २८,९०० होतो, आणि 'अ'च्या सगळ्या वर्गांची बेरीजच ३२,४७५ आहे.

पण मेप आणि आरएमएसई एकाच बाजूने बोलले तरी त्यांची कारणं वेगळी आहेत. मेप पाचव्या आठवड्यावर रागावला कारण मागणी लहान होती. आरएमएसई रागावला कारण चूक मोठी होती. दुसरा राग बऱ्याचदा रास्त असतो. एकदम १७० नग उरले तर जागा अडते आणि पैसा अडकतो. दर आठवड्याला ५५ नग कमी पडणं आणि एकदाच १७० नग जास्त होणं, यात तुमच्या धंद्याला महाग काय पडतं, हे ठरवल्याशिवाय या दोन मापांतलं भांडण मिटत नाही.

मेप कमी अंदाज करणाऱ्या पद्धतीला झुकतं माप देतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि याचा पुरावा कागदावर दोन मिनिटांत मिळतो.

अंदाज कितीही कमी केला, अगदी शून्य केला, तरी त्या आठवड्याची टक्केवारी १०० च्या वर जाऊ शकत नाही. जास्त केलेल्या अंदाजाला अशी कमाल मर्यादा नाही, ४२५ टक्के आपण पाहिलेच. आता एक वस्तू घ्या जिची मागणी निम्म्या आठवड्यांत ५० आणि निम्म्यांत १५० असते, आणि कधी कोणती येईल हे सांगता येत नाही. दरवेळी १०० चा अंदाज दिला तर ५० च्या आठवड्यात १०० टक्के चूक, १५० च्या आठवड्यात ३३.३ टक्के, मेप ६६.७. दरवेळी ५० चा अंदाज दिला तर अर्ध्या वेळा शून्य, अर्ध्या वेळा ६६.७ टक्के, मेप ३३.३. मेप निम्मा झाला! गंमत म्हणजे मॅड दोन्ही वेळा ५० च आहे. पण ५० चा अंदाज देणारा माणूस सरासरीने दर आठवड्याला ५० नग कमी मागवतो.

कोणत्याही संगणक-प्रणालीला 'मेप कमीत कमी होईल असे घटक शोध' असं सांगितलं, की ती याच दिशेने सरकते. अंदाज हळूहळू खाली येतो, अहवाल सुंदर दिसतो आणि विक्री विभाग माल नाही म्हणून ओरडत राहतो. अंदाज बनवणाऱ्याचा बोनस मेपवर ठरत असेल तर हे काम माणूसही करतो, त्याला प्रणाली लागत नाही.

'ब'च्या सगळ्या चुका अधिक चिन्हाच्या आहेत. त्यातून काय कळतं?

माझ्या मते या तक्त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, आणि मेप, मॅड, आरएमएसई यांपैकी एकही माप ती दाखवत नाही, कारण तिघंही चिन्ह पुसून टाकतात.

चिन्हासकट बेरीज केली तर 'ब'ची चूक +३३०, म्हणजे दर आठवड्याला सरासरी ५५ नग कमी. याला एकतर्फी कल म्हणू. 'अ'ची चिन्हासकट बेरीज −११५ येते, पण त्यातून पाचव्या आठवड्याचे −१७० बाजूला केले तर उरते +५५, आणि त्या पाच चुका दोन्ही दिशांना विखुरलेल्या आहेत.

दोघींचे आजार वेगळे आहेत. 'ब'ला मागणीचा चढउतार माहीत आहे, कोणता आठवडा पडणार हेही माहीत आहे, फक्त वर्षभरात धंदा वाढला हे माहीत नाही. 'अ'ला आजची पातळी माहीत आहे, पण येणारी सुट्टी तिला दिसतच नाही, आणि दिसणारही नाही, कारण तिच्याकडे फक्त मागचे चार आठवडे असतात.

'ब'चा आजार बरा होण्यासारखा आहे. चाचणीआधीच्या चार आठवड्यांत यंदाची मागणी ८०० होती, गेल्या वर्षीच्या त्याच चार आठवड्यांत ५७० होती असं धरू. गुणोत्तर येतं १.४. गेल्या वर्षीच्या प्रत्येक आकड्याला १.४ ने गुणलं तर अंदाज होतात २१०, १८२, २२४, १९६, ४२ आणि १९६. चुका उरतात +१०, −२, +१६, +४, −२, +४. मॅड ६.३ नग, मेप ३.६ टक्के. खऱ्या मागणीत एवढा स्वच्छ निकाल सहसा मिळत नाही, आकडे माझे पाळीव आहेत. पण दिशा हीच असते: कायम एका बाजूला चुकणारी पद्धत टाकून देण्याआधी ती दुरुस्त करून पाहावी. लक्षात घ्या, १.४ हे गुणोत्तर चाचणीच्या आधीच्या आठवड्यांतून आलं आहे. चाचणीच्याच सहा आठवड्यांतून काढलं असतं तर १.४४ आलं असतं आणि निकाल आणखी चकचकीत दिसला असता, पण ती पेपर आधी फोडून दिलेली परीक्षा ठरली असती.

मेप किती असला म्हणजे चांगला?

असा सर्वांसाठी एक आकडा नाही. स्थिर मागणीच्या वस्तूला १५ टक्के वाईट असू शकतात आणि उधळ्या मागणीच्या वस्तूला ४० टक्के उत्तम.

त्याऐवजी एक बिनडोक पद्धत तिसरी स्पर्धक म्हणून उभी करा: गेल्या आठवड्याची मागणी तीच या आठवड्याचा अंदाज. आपल्या उदाहरणात तिच्या चुका २०, ४०, ६०, ४०, १६० आणि १६० येतात, मॅड ८० नग. 'अ'चा मॅड याच्या ०.६१ पट आहे, 'ब'चा ०.६९ पट. दोघीही बिनडोक पद्धतीपेक्षा बऱ्या आहेत. हे गुणोत्तर १ च्या वर गेलं तर इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडायला हवा. याच कल्पनेवर रॉब हाइंडमन आणि अॅन कोहलर यांनी २००६ साली एमएएसई हे माप मांडलं. त्यात भाजक म्हणून बिनडोक पद्धतीची चूक चाचणीतल्या नव्हे, तर आधीच्या इतिहासातल्या आकड्यांवर काढतात.

काही आठवड्यांत मागणी शून्य असेल तर?

मेप निघतच नाही, शून्याने भागता येत नाही. काही जण ते आठवडे गुपचूप वगळतात. पण जास्त माल मागवल्याची चूक नेमकी तिथेच झालेली असते. काही जण भाजकात अंदाज आणि प्रत्यक्ष यांची सरासरी घेऊन सममित मेप काढतात. त्यात शून्य मागणीच्या आठवड्याची टक्केवारी, अंदाज १ असो वा ५००, नेहमी २०० च येते, म्हणजे चूक किती मोठी हे कळतच नाही. सुट्या भागांसारख्या तुरळक मागणीच्या वस्तूंसाठी मॅड किंवा एमएएसई वापरा आणि मेप विसरा.

निर्णय घ्यायला सहा आठवडे पुरेत का?

नाही. दोन्ही पद्धती तोडीस तोड असत्या, तरी नाणेफेकीच्या हिशोबाने एखादी ठरावीक पद्धत सहापैकी पाच किंवा जास्त वेळा जिंकण्याची शक्यता ६४ मध्ये ७, म्हणजे सुमारे ११ टक्के असते. आठवडे भरपूर असतील तर फरक खरा की योगायोगाचा हे तपासायला डायबोल्ड आणि मारियानो यांची १९९५ सालची चाचणी वापरतात.

आठवडे किती, यापेक्षा चाचणी कुठे तोडली हेही बघा. आपण सहाव्या आठवड्याला थांबलो. पण पाचव्या आठवड्याचे ते ४० नग 'अ'च्या सरासरीत नवव्या आठवड्याच्या अंदाजापर्यंत मुक्काम ठोकून असतात. पुढे मागणी दर आठवड्याला २०० राहिली असं धरलं तर 'अ'चे अंदाज सातव्या, आठव्या आणि नवव्या आठवड्यासाठी १७०, १६० आणि १६० येतात. या चुका आपल्या तक्त्यात मोजल्याच गेल्या नाहीत.

माल यायला तीन आठवडे लागतात. एक आठवडा आधीच्या अंदाजाची अचूकता मोजून उपयोग आहे का?

फारसा नाही. ऑर्डर ज्या दिवशी गेली, त्या दिवशी जो अंदाज हातात होता तोच मोजायला हवा. 'अ'ला मग तीन आठवडे जुन्या आकड्यांवर काम करावं लागतं आणि सुट्टीच्या आठवड्याचा डाग तिच्या अंदाजात उशिरा उमटून उशिरापर्यंत राहतो. 'ब'ला काही फरक पडत नाही, तिचा आकडा वर्षभर आधीच ठाऊक असतो. दोन पद्धतींची तुलना करताना एकीचा अंदाज एक आठवडा आधीचा आणि दुसरीचा महिनाभर आधीचा, असं कधी करू नका. अंदाज दिला त्या तारखेला गोठवून ठेवा. नंतर 'सुधारलेल्या' अंदाजांवर काढलेला मेप नेहमीच गोड असतो.

पाचव्या आठवड्याचा ४० हा आकडा खरी मागणीच आहे, हे कशावरून?

आपल्या उदाहरणात कारखाने बंद होते म्हणून. पण नोंदवहीत बहुतेक वेळा मागणी नसते, विक्री असते. गोदाम रिकामं असल्यामुळे २०० च्या जागी ४० नग गेले असतील, तर 'अ'ने २१० सांगून बरोबरच सांगितलं होतं आणि आपण तिला ४२५ टक्क्यांची शिक्षा दिली. उलट सतत कमी अंदाज देणाऱ्या पद्धतीमुळे माल कमी मागवला जातो, म्हणून विक्री कमी होते, आणि त्या कमी विक्रीशी ताडून पाहिल्यावर तीच पद्धत अचूक दिसते. ओळखायचं कसं? ज्या आठवड्यांत शिल्लक शून्यावर गेली ते आठवडे शिल्लक-नोंदीतून काढा आणि मेप त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय, असा दोनदा काढा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर आधी मागणीची नोंद दुरुस्त करा.

स्प्रेडशीटमध्ये सूत्रं काय?

B रकान्यात प्रत्यक्ष मागणी आणि C रकान्यात अंदाज असेल तर क्रमाने मेप, डब्ल्यूएपीई आणि एकतर्फी कल असे निघतात:

```
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7)/B2:B7)/COUNT(B2:B7)
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7))/SUM(B2:B7)
=(SUM(B2:B7)-SUM(C2:C7))/COUNT(B2:B7)
```

पहिली दोन उत्तरं अपूर्णांकात येतात, पेशीला टक्केवारीचं स्वरूप द्या. तिसरं उत्तर नगांत येतं. अंदाजाची एखादी पेशी रिकामी राहिली तर सूत्र तिला शून्य अंदाज समजतं आणि त्या आठवड्याची चूक बरोबर १०० टक्के धरतं. म्हणून टक्केवारींच्या ओळीत नेमका १०० दिसला की आधी ती पेशी भरलेली आहे का ते बघा.